डिझेलमधलं पाणी, थंडीत जमणारं डिझेल आणि भरवशाचा पंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात डिझेलबद्दल दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली थंडीतली, "डिझेल गोठलं". दुसरी पावसाळ्यातली, "डिझेलमध्ये पाणी आलं". पहिली बहुतेक वेळा चुकीची असते आणि दुसरी बहुतेक वेळा बरोबर. त्यामुळे खाली थंडीचं थोडक्यात आवरलं आहे आणि पाण्यावर जास्त लिहिलं आहे.

मराठवाड्यातल्या थंडीत डिझेल खरंच गोठतं का?

पंपावरून ताजं भरलेलं डिझेल आपल्याकडे सहसा गोठत नाही. डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण विरघळलेलं असतं. गारठा वाढला की त्याचे बारीक कण तयार होतात आणि डिझेल आधी ढगाळ दिसू लागतं. आणखी गार झालं की ते कण फिल्टरच्या कागदावर थर धरतात आणि डिझेल पुढं सरकत नाही. टाकीतलं डिझेल अजून पातळ असतानाच गाडी बंद पडते, कारण अडथळा फिल्टरमध्ये असतो.

हे कोणत्या तापमानाला व्हावं याची मर्यादा भारतीय मानकात (आयएस १४६०) ठरलेली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतलं डिझेल ६ अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून गेलंच पाहिजे. बाकीच्या आठ महिन्यांसाठी हीच मर्यादा १८ अंश आहे. प्रत्यक्षातलं डिझेल बहुतेकदा याहून बरं निघतं, पण कायद्याने हमी एवढीच आहे.

यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. सप्टेंबरात ड्रम भरून शेडमध्ये ठेवला आणि तेच डिझेल जानेवारीच्या लाटेत ट्रॅक्टरमध्ये ओतलं, तर ते उन्हाळी मर्यादेचं डिझेल असतं. परभणीकडे पारा ५-६ अंशांवर येतो, त्या पहाटे असं जुनं डिझेल फिल्टर तुंबवू शकतं. आपल्या भागात गोठण्याची खरी शक्यता आहे ती इथेच, जुन्या साठ्यात. ऑक्टोबरअखेर जुना ड्रम संपवून नोव्हेंबरच्या मध्यानंतर नवा भरला की हा प्रश्न मिटतो.

मग जानेवारीत सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, ती कशामुळे?

बंद पडण्याची पद्धत बघा. डिझेल जमलं असेल तर गाडी बहुधा आधी चालू होते, कारण फिल्टरच्या पुढच्या नळीत आणि पंपात थोडं डिझेल असतं. मग एक-दोन मिनिटांत ताकद जाते आणि इंजिन बंद पडतं. ऊन वर आलं की तीच गाडी काही न करता चालू होते.

सेल्फ मारूनही इंजिन पेटतच नसेल तर डिझेलवर संशय घेण्याआधी बॅटरी आणि ग्लो प्लग तपासा. आदल्या रात्री गाडी चांगली होती आणि सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर लागली, तर कुठल्या तरी नळीच्या जोडातून हवा शिरली असेल. १०-१२ अंशांना सुरू न होणाऱ्या गाड्यांची कारणं बहुतेक हीच असतात.

जालन्याहून मोसंबी घेऊन दिल्लीला जातो, कधी पुढं काश्मीरलाही. काय काळजी घ्यावी?

दिल्लीपर्यंत फारशी नाही. जानेवारीत इथं भरलेलं डिझेल हिवाळी मर्यादेचं असतं, आणि चालत्या गाडीत इंजिनाकडून परत येणारं कोमट डिझेल टाकी फार गार होऊ देत नाही. गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहते तेव्हाच खरी परीक्षा असते.

जम्मूच्या पुढं मात्र आपल्याकडचं डिझेल भरवशाचं नाही. टाकी इथूनच गच्च भरून नेण्यापेक्षा वर पोचेपर्यंत ती उतरत जाईल असा हिशोब ठेवा आणि थंड भागात शिरताना तिथलं डिझेल भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पण टाकीत अर्धं आपलं आणि अर्धं ते असं मिसळलं तर तो गुण पातळ होतो.

जमू न देणारं औषध वापरायचं असेल तर ते डिझेल स्वच्छ दिसत असतानाच टाकावं लागतं. मेणाचे कण एकदा तयार झाले की ते औषध त्यांना परत विरघळवत नाही. आणि टाकीखाली बोळा पेटवून गरम करण्याचा प्रकार कृपा करून करू नका. जमलेलं असतं फिल्टरमध्ये. फिल्टरवर जाड फडकं गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतत राहिलं की १०-१५ मिनिटांत वाट मोकळी होते. पाणी वायरच्या कनेक्टरवर जाऊ देऊ नका.

थंडीत डिझेलमध्ये थोडं रॉकेल टाकावं, असं जुने ड्रायव्हर सांगतात. ते बरोबर आहे का?

आता नाही. रॉकेलने मेण पातळ राहतं हे खरं, पण पंप आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, आणि रॉकेल ते वंगण कमी करतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम असतं. रॉकेलमध्ये ते त्याच्या कितीतरी पट असतं, आणि नव्या गाडीच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरला ते सोसत नाही. शिवाय गाडीत रॉकेल जाळणं बेकायदा आहे.

डिझेलमध्ये पाणी येतं कुठून?

मराठवाड्यातलं डिझेल मुख्यतः मनमाडजवळच्या पानेवाडी आणि सोलापूरजवळच्या पाकणी इथल्या डेपोंतून टँकरने येतं. डेपोतून निघताना ते तपासलेलं असतं. पाणी शिरतं ते शेवटच्या टप्प्यात: पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत, शेतावरच्या ड्रममध्ये, कॅनमध्ये किंवा आपल्याच गाडीच्या टाकीत.

पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. तिचं भरायचं तोंड आणि वरचं झाकण यांची रबरी गास्केट जुनी झाली, किंवा झाकणाभोवतीचा खड्डा तुंबला, की पावसाचं पाणी आत झिरपतं. अतिवृष्टीत, जशी २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे झाली, पंपाच्या आवारात पाणी उभं राहतं आणि हा धोका सगळ्यात जास्त असतो. डिझेलची घनता साधारण ८३० आणि पाण्याची १०००, त्यामुळे पाणी थेट तळाला जाऊन बसतं. पंपाची ओढनळी तळापासून थोडी वर असते, म्हणून थोडं पाणी तळात असलं तरी ते नोझलमध्ये येत नाही. पाण्याची पातळी त्या नळीपर्यंत चढली, किंवा टँकर खाली होताना तळ ढवळला गेला, की येतं.

"रात्री टाकीत हवेतलं पाणी धरतं" हे नेहमी ऐकू येतं. त्याचा हिशोब करू. ५० लिटरच्या टाकीत ४० लिटर हवा आहे असं धरा. ३० अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाणी धरते, म्हणजे ४० लिटरमध्ये सव्वा ग्रॅमही नाही. ते सगळंच्या सगळं गळून पडलं तरी एका रात्रीत जेमतेम १ मिलिलिटर. महिन्या-दोन महिन्यांत साठून त्रास होईल, पण एका रात्रीत गाडी बंद पडणार नाही. टाकीत पावशेर पाणी सापडलं तर ते बाहेरून आलेलं आहे.

शेतावरचा ड्रम बंद असतो, बूच घट्ट असतं. तरी त्यात पाणी कसं जातं?

ड्रममधल्या पाण्याचं सगळ्यात मोठं कारण हे बूचच असतं. ड्रमचं वरचं झाकण काठापेक्षा थोडं खाली असतं, त्यामुळे उभ्या ड्रमवर पावसाचं पाणी परातीसारखं साठतं. २०० लिटरच्या ड्रमचा व्यास साधारण ५७ सेंटिमीटर. त्यावर १ सेंटिमीटर पाणी साठलं तर ते अडीच लिटर होतं. दिवसा उन्हात ड्रममधली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांमधून बाहेर पडते. रात्री गार झाली की आकसते आणि त्याच आट्यांमधून आत ओढते. बुचावर पाणी उभं असेल तर ओढलं जातं ते पाणीच. बूच हाताला कितीही घट्ट लागलं तरी वॉशर कडक झाला असेल तर आट्या पाणी अडवत नाहीत.

उपाय साधा आहे. ड्रम छताखाली आडवा ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असा फिरवा. उभाच ठेवायचा असेल तर एका बाजूला खाली लाकडाचा ठोकळा देऊन तो कलता करा. पाणी साठेल ते बुचांपासून दूरच्या काठाला साठलं पाहिजे.

ड्रममधून काढताना नळी तळापर्यंत घालू नका, तळापासून चार बोटं वर ठेवा. ड्रम नुकताच हलवला किंवा भरला असेल तर २४ तास थांबा. पाण्याचा केसाएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा थेंब तासाला साधारण १ मीटर खाली जातो, पण त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या थेंबाला तासात ४-५ सेंटिमीटरच उतरता येतं. ड्रम ८५-९० सेंटिमीटर उंच असतो, म्हणून एक दिवस लागतोच.

डिझेलमध्ये पाणी आहे का, हे घरच्या घरी कसं बघायचं?

रंग नसलेली, कोरडी काचेची बाटली घ्या. टाकीच्या किंवा फिल्टरच्या तळाच्या स्क्रूतून अर्धा लिटर डिझेल काढा. वरून काढलेल्या नमुन्यात पाणी दिसणार नाही. बाटली अर्धा तास हलवू नका आणि मग उजेडासमोर धरा.

डिझेल आरपार चमकदार दिसलं पाहिजे, इतकं की बाटलीमागे धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता यावीत. तळाला वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर ते सुटं पाणी. थर कशाचा आहे कळत नसेल तर खाण्याच्या रंगाचे, पाण्यात कालवलेले दोन थेंब टाका. ते डिझेलमध्ये न मिसळता खाली जातात, आणि तळाला पाणी असेल तर ते रंगतं.

संपूर्ण नमुना धुरकट असेल तर दोन शक्यता राहतात, बारीक पाणी किंवा मेण. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत उभी करून २५ अंशांच्या वर आणा. धुरकटपणा गेला, तळाला काही उरलं नाही आणि गार झाल्यावर तो परत आला, तर ते मेण असण्याची शक्यता जास्त. तसाच राहिला आणि काही तासांनी तळाला थेंब जमले तर पाणी. तव्यावर डिझेल टाकून तडतड ऐकण्याचा प्रकार काही ठिकाणी करतात. तो आगीचा खेळ आहे, करू नका.

थोडंसुद्धा पाणी चालत नाही का?

विरघळलेलं थोडं चालतं. मानकाप्रमाणे एका किलो डिझेलमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी असू शकतं. ५० लिटर डिझेलचं वजन साधारण साडेएकेचाळीस किलो, म्हणजे त्यात ८ मिलिलिटर, दीड-दोन चमचे. हे डोळ्याला दिसत नाही. डिझेल गार झालं की यातला काही भाग सुटा होतो आणि फिल्टरच्या बाउलमध्ये जमतो, तो अधूनमधून काढून टाकायचा.

सुटं पाणी मात्र चालत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या साध्या पंपात ते गेलं तर इंजिन झटके देतं, पांढरा धूर निघतो आणि वेळीच काढलं तर बहुतेक वेळा नुकसान टळतं. पण पाणी तसंच राहून ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला तर पंपाचे एलिमेंट गंजून अडकतात. कॉमन रेल गाड्यांचं तसं नाही. तिथं डिझेलचा दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असतो आणि फिरत्या भागांमध्ये वंगण म्हणून फक्त डिझेलचा पातळ पदर असतो. पाण्याने तो पदर तुटतो, धातू धातूला घासतो आणि त्याचा चुरा थेट इंजेक्टरमध्ये जातो. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून कडक प्रदूषण मानक लागू झालं आहे आणि त्यांत बहुतेक हीच यंत्रणा असते. जुन्या ट्रॅक्टरची सवय नव्याला लावू नका.

पंपावर डिझेल भरलं आणि काही किलोमीटरवर गाडी बंद पडली. आता काय करू?

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. समजा सप्टेंबरात जोराच्या पावसानंतर रात्री पिकअपमध्ये ३० लिटर भरलं. टाकीत आधीचं ८ लिटर होतं. सहा किलोमीटरवर डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला, गाडीने झटके दिले आणि ती थांबली.

पहिली गोष्ट, सेल्फ मारू नका. प्रत्येक वेळी सेल्फ मारताना पाणी फिल्टरकडून पंपाकडे ढकललं जातं. इथंच थांबलं तर खर्च फिल्टर आणि टाकी साफ करण्याचा, पुढं गेलं तर पंप आणि चार इंजेक्टरांचा.

दुसरी, बिल सांभाळा आणि त्यावरचा नोझल क्रमांक आणि वेळ बघून ठेवा. बिल घेतलं नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद तरी काढून ठेवा.

मग फिल्टरखाली कोरडी बाटली धरून तळाचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा. या गाडीत २०० मिलिलिटर निघालं, आणि ते सगळंच पाणी. म्हणजे बाउल पूर्ण भरून पाणी पुढं जायच्या बेतात होतं. गाडी ओढून गॅरेजला नेली, टाकीच्या तळाचा बोल्ट काढून पहिलं २ लिटर वेगळं घेतलं, त्यात ७०० मिलिलिटर पाणी निघालं. एकूण झालं ९०० मिलिलिटर.

आता हिशोब. भरलेल्या ३० लिटरमध्ये मानकाप्रमाणे विरघळलेलं पाणी ५ मिलिलिटर असू शकतं. हवेतून रात्रीला १ मिलिलिटर. ९०० मिलिलिटरचा या दोघांशी मेळ बसत नाही. उरतात दोन वाटा: टाकीच्या झाकणातून शिरलेलं पावसाचं पाणी, किंवा पंप. झाकणाचं रबर बघितलं तर ते चांगलं होतं, आणि आदल्या दिवशी गाडी तक्रारीशिवाय चालली होती. संशय पंपावर पक्का होतो. त्याच रात्री त्याच नोझलवर भरलेली दुसरी गाडी बंद पडली असेल तर जवळजवळ खात्रीच. हे पंपावर जाऊन लगेच विचारा.

गाडी पूर्ववत करताना टाकीतलं सगळं डिझेल काढतात, टाकी पुसून कोरडी करतात, फिल्टर नवा बसवतात (पाणी प्यालेला कागद वाळवून परत वापरत नाहीत), मग हॅन्ड पंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढतात. हॅन्ड पंप नसेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करतात. पाणी फिल्टरच्या पुढं गेल्याची शंका असेल तर रेलची परतीची नळी सोडून तिथलं डिझेलही बाटलीत बघायला मेकॅनिकला सांगा.

ट्रॅक्टरच्या फिल्टरमधलं पाणी किती दिवसांनी काढावं?

पावसाळ्यात आणि ड्रममधलं डिझेल वापरत असाल तर आठवड्यातून एकदा, सकाळी ट्रॅक्टर हलवण्याआधी. रात्रभर उभा असताना पाणी खाली बसलेलं असतं, दुपारी काढून उपयोग कमी. स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेलची धार लागेपर्यंत सोडा. नंतर इंजिन फडफडलं तर हवा शिरली आहे: फीड पंपाचा दांडा दाबत आधी फिल्टरचा, मग मोठ्या पंपाचा हवेचा स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबल्यावर आवळा. क्रम उलटा केला तर हवा पुन्हा पुढं जाते.

फिल्टरमध्ये काळा, चिकट, शेवाळासारखा गाळ निघाला. हे भेसळीचं डिझेल आहे का?

बहुधा नाही. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकांना टेकतात तिथं सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा हा लगदा असतो. याचा अर्थ टाकीत पाणी बरेच दिवसांपासून आहे. नुसता फिल्टर बदलून भागत नाही, पंधरा दिवसांत तो पुन्हा भरतो. टाकी उतरवून धुवावी लागते आणि पाण्याची वाट बंद करावी लागते.

पंपावर डेन्सिटी तपासली तर पाणी कळतं का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. पाणी डिझेलमध्ये मिसळत नाही, जारच्या तळाला बसतं आणि हायड्रोमीटर वरच्या डिझेलमध्ये तरंगतो. डेन्सिटीने कळते ती रॉकेलसारखी हलकी भेसळ. पाण्यासाठी पंपावर वेगळी पेस्ट असते. डिप रॉडच्या टोकाला ती लावून रॉड टाकीच्या तळाला टेकवतात, आणि जिथपर्यंत पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. ही तपासणी पंपाने रोज करायची असते. मोठ्या पावसानंतर "आज पेस्ट लावून डिप घेतला का, पाणी किती होतं?" एवढं विचारा. नीट चालणाऱ्या पंपाचा मॅनेजर आकडा सांगतो किंवा रजिस्टर दाखवतो.

डेन्सिटी तपासायची झाली तर आकडा कसा वाचायचा?

मशीनवर त्या दिवसाची डेन्सिटी लिहिलेली असते, ती १५ अंशांवर आणलेली. जारमधला आकडा मात्र तिथल्या तापमानाचा असतो. तापमान १ अंश वाढलं की डिझेलची घनता साधारण ०.७ ने कमी होते. म्हणजे फलकावर ८३० असेल आणि जारमध्ये डिझेल ३५ अंशांचं असेल तर हायड्रोमीटर ८१६ च्या आसपास दाखवेल. उन्हाळ्यात हे बघून लोक भेसळ म्हणून भांडतात, पण डिझेल बरोबर असतं. पंपावर रूपांतराचा तक्ता असतो, त्यात थर्मामीटरचा आणि हायड्रोमीटरचा आकडा घालून १५ अंशांची घनता काढायची. नोंदीपेक्षा ३ च्या आत फरक असेल तर ठीक, त्याबाहेर असेल तर लेखी विचारणा करा. ग्राहकाने मागितल्यावर ही तपासणी मोफत करून दाखवणं पंपाला बंधनकारक आहे. तसंच ५ लिटरच्या शिक्का मारलेल्या मापात डिझेल मोजून मागता येतं. त्यात २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, जास्त नाही.

मग भरवशाचा पंप ओळखायचा कसा?

कंपनीच्या नावावरून नाही. डेपोतून निघालेल्या डिझेलचं पुढं काय होतं ते टाकी आणि ती सांभाळणारा माणूस ठरवतो, म्हणून बघायचं ते आवार.

सगळ्यात आधी टाक्यांची झाकणं कुठं आहेत ते शोधा. ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असावीत आणि त्यांच्याभोवती पाणी साचल्याची खूण नसावी. रस्त्यापेक्षा खोलगट आवारात बांधलेला पंप पावसाळ्यात टाळलेला बरा, मालक कितीही प्रामाणिक असला तरी. हे बघायला एक जोराचा पाऊस पुरतो: पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने जा आणि झाकणांवर पाणी उभं आहे का बघा.

दुसरी गोष्ट खप. ट्रक आणि एसटी थांबतात त्या पंपाच्या टाकीत डिझेल दोन-तीन दिवसांत फिरतं. आडबाजूच्या, दिवसाला चार गाड्या येणाऱ्या पंपावर तेच डिझेल आठवडे पडून राहतं आणि टाकी बराच काळ तळाला टेकलेली असते. जुन्या गाडीला ते खपून जाईल, कॉमन रेल गाडीला मी ते सुचवणार नाही.

तिसरी, तपासणी मागितल्यावर होणारं वागणं. मापाचं भांडं कुलपात, हायड्रोमीटर फुटलेला, "साहेब नाहीत" असं उत्तर मिळालं तर दुसरा पंप बघा. एक पंप ठरला की शक्यतो तिथंच भरा आणि प्रत्येक वेळी छापील बिल घ्या. चार पंपांचं डिझेल टाकीत एकत्र झालं की चूक कुणाची ते शोधता येत नाही.

टँकर खाली होत असताना डिझेल भरावं का?

भरू नका. टँकरची धार टाकीचा तळ ढवळते. ज्या टाकीत टँकर खाली होतो तिची विक्री तेवढा वेळ बंद ठेवायची असते, पण टँकर गेल्यावर लगेच रांग लागते. दीड-दोन तासांनी या, मोठे थेंब तोवर खाली बसतात.

जास्त पैशांचं प्रीमियम डिझेल घेतलं तर पाण्यापासून बचाव होतो का?

नाही. त्यातली औषधं इंजेक्टर स्वच्छ ठेवण्यासाठी असतात. ते डिझेलही त्याच आवारातल्या जमिनीखालच्या टाकीतून येतं, आणि महाग असल्याने काही पंपांवर त्याचा खप कमी असतो.

"बायोडिझेल" म्हणून रस्त्याकडेला स्वस्तात मिळतं, ते घ्यावं का?

खरं बायोडिझेल वनस्पती तेल किंवा चरबीपासून बनतं आणि त्याचं वेगळं मानक आहे (आयएस १५६०७). ते डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं आणि लवकर जमतं, म्हणून निव्वळ स्वरूपात साध्या इंजिनात वापरायचं नसतं. त्या नावाखाली विकलं जाणारं बरंचसं तर कारखान्यातलं तेल असतं. लिटरमागे वाचलेले पैसे एका इंजेक्टरमध्ये जातात.

पंपाची चूक दिसतेय. तक्रार कुठं आणि कशी करू?

आधी पंपावरच्या तक्रार वहीत लिहा: तारीख, वेळ, नोझल क्रमांक, लिटर, बिल क्रमांक, किती पाणी निघालं. त्या पानाचा फोटो घ्या. कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपाच्या फलकावर असतो, त्याच दिवशी फोन करा. आलेल्या टँकरमधला नमुना पंपाला सीलबंद करून ठेवावा लागतो, पण पुढचे टँकर येत गेले की जुना नमुना राहत नाही. म्हणून दिवस घालवू नका.

पंपावर कारवाई करण्याचा आणि अधिकृत नमुना घेण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेला आहे, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. माप कमी असेल तर वैधमापनशास्त्र विभागाकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तुम्ही स्वतः बाटलीत काढलेलं पाणी अधिकृत नमुना ठरत नाही, तरी ते फेकू नका. बाटली सील करून त्यावर तारीख लिहा, गॅरेजच्या बिलावर "टाकीतून इतकं पाणी निघालं" असं मेकॅनिककडून लिहून घ्या, आणि काढलेला फिल्टरही पिशवीत बांधून ठेवा. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हेच कागद आणि हीच बाटली उपयोगी पडतात.